दहा इंच म्हणजे नेमके किती?

दुकानात पडद्याचा आकार इंचांत सांगतात. हे इंच पडद्याच्या कर्णाचे असतात, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या लांबीचे. पण डोळ्यांना उपयोगी पडते ते क्षेत्रफळ, आणि कर्ण तोच राहूनही ते बदलू शकते.

सिलतऱ्यातील आमच्या घरासाठी यंदा एकच टॅब्लेट घ्यायचा होता. धाकट्या बहिणीला प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ वाचायच्या होत्या आणि आजीला चित्रपट पाहायचे होते. रायपूरच्या दुकानात दोन टॅब्लेट पसंत पडले. दोन्ही १० इंचांचे, पण एकाच्या पडद्याचे गुणोत्तर ४:३ आणि दुसऱ्याचे १६:९. मी वहीत हिशेब मांडला.

पायथागोरसच्या प्रमेयाने ४:३ च्या पडद्याच्या बाजू ८ आणि ६ इंच येतात, कारण ६४ + ३६ = १००. क्षेत्रफळ ४८ चौरस इंच. १६:९ च्या पडद्याच्या बाजू सुमारे ८.७ आणि ४.९ इंच, तर क्षेत्रफळ ४२.७ चौरस इंच. म्हणजे पडदा जितका लांबट, तितके त्याच कर्णात क्षेत्रफळ कमी.

मग ४:३ नेहमीच सरस का? तसे नाही. आजचे बहुतेक व्हिडिओ १६:९ चे असतात. ते ४:३ वर लावले की वर-खाली काळे पट्टे येतात आणि चित्राला ८ × ४.५, म्हणजे ३६ चौरस इंचच मिळतात. १६:९ वर तेच चित्र पूर्ण ४२.७ चौरस इंच भरते.

वाचताना उलटे होते. प्रश्नपत्रिका ए४ आकाराची असते. टॅब्लेट उभा धरून पूर्ण पान दाखवले, तर ४:३ वर पानाला सुमारे ४५ चौरस इंच मिळतात आणि १६:९ वर फक्त ३४, कारण तिथे पान ४.९ इंच रुंदीत अडते. छापील १२ पॉइंटचे अक्षर पहिल्यावर सुमारे ८ पॉइंटचे दिसते, दुसऱ्यावर ७ चे. ई-पुस्तकाला मात्र हा हिशेब लागू नाही. त्यात अक्षर मोठे केले की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने जुळतात.

आजीची आवड जुन्या चित्रपटांची. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’सारख्या चित्रपटांची चौकट ४:३ च्या अगदी जवळची असते. त्यामुळे ४:३ वर चित्र जवळपास पूर्ण पडदा व्यापते, तर १६:९ वर बाजूंना पट्टे येऊन सुमारे ३३ चौरस इंच उरतात. दोघींच्याही गरजा पाहून आम्ही ४:३ चा टॅब्लेट घेतला.

खोक्यावर गुणोत्तर लिहिलेले नसले, तर पट्टीने पडद्याचा फक्त उजळणारा भाग मोजा, कडेची चौकट नको. रुंदीला उंचीने भागा. उत्तर १.३३ आले तर ४:३, १.६ आले तर १६:१० आणि १.७८ आले तर १६:९.