आजीचा खोकला आणि वैलाची चूल

आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली ही कल्पित गोष्ट. आजीने उभ्या जन्मात विडी ओढली नाही. तरी पहाटे खोकल्याची उबळ यायची आणि हिरडा गोळा करताना चढावर धाप लागायची. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला म्हणून घोडेगावला आधी थुंकी तपासली. क्षय नव्हता. मग डॉक्टरांनी विचारले, "चुलीपुढे किती वर्षं बसता?"

धुरातले बारीक कण श्वासनळ्यांत खोलवर जातात, तिथे सूज राहते आणि नळ्या हळूहळू कायमच्या अरुंद होतात. पुढे धूर थांबला तरी झालेले नुकसान भरून येत नाही, फक्त वाढायचे थांबू शकते.

जुन्नरला कॉलेजात शिकणाऱ्या नातीने सुट्टीत मातीची, वैलाची आणि धुरांड्याची चूल घालायची ठरवली. अशा चुली १९८३ ते २००२ या काळात केंद्राच्या सुधारित चूल कार्यक्रमातून महाराष्ट्रात खूप बसल्या होत्या. आजी म्हणाली, "धूर गेला तर वर टांगलेल्या बियाण्याला कीड लागंल." हे म्हणणे खोटे नव्हते. नातीने बियाणे कडक वाळवले, राखेत घोळून डब्यात भरले.

चूल आठवडाभर सुकू दिली. पहिल्या दिवशी धूर पुन्हा घरातच! कारण साधे होते. पुढच्या तोंडावर तवा होता आणि मागचा वैल उघडा राहिला होता. धूर तिथूनच बाहेर पडला, धुरांड्यात चढलाच नाही. आजीने वैलावर पाण्याचे पातेले ठेवले आणि धूर वर ओढला गेला. (अंघोळीचे पाणीही फुकटात तापले, ही तिची आवडती गोष्ट.)

पण वारा सुटला की धूर उलटा येई. धुरांडे आढ्याच्या खाली संपत होते. ते आढ्याच्या वर हात-दीड हात नेले, टोकाला टोपी बसवली. लाकडे बारीक फोडून दोन-तीनच घालायची, तोंड गच्च भरायचे नाही, हे आजीला शिकवायला आठ दिवस लागले.

महिन्याभराने चुलीच्या तोंडातून पुन्हा धूर येऊ लागला. नातीने फडके गुंडाळलेली काठी धुरांड्यातून फिरवली, पसाभर काजळी निघाली. आता दर पंधरवड्याला हे काम ठरलेले.

चिमणीने घरातला धूर कमी होतो, गॅसइतका नाही. २०१६ नंतर उज्ज्वलाचे सिलिंडर वाडीतही आले, पण भरायला पैसे नसले की पुन्हा लाकूड पेटते, म्हणून दोन्ही ठेवलेले बरे. आजीची उबळ कमी झाली आहे. चढावरची धाप मात्र आहे, त्यासाठी डॉक्टरांनी ओढायचे औषध दिले आहे आणि ते ती रोज घेते.