शेतात राबणारी सून ‘बेरोजगार’ की ‘घरकाम करणारी’?

प्रश्न : सून आमच्याच सोयाबीनमध्ये खुरपते, काढणी करते, मजुरी नाही. नोकरीही शोधते. श्रमबल सर्वेक्षणात तिची नोंद काय होईल? (वाचक, अहमदपूर, जि. लातूर)

उत्तर : गेल्या सात दिवसांत तिने शेतात एक तास जरी काम केले असेल, तरी साप्ताहिक स्थितीनुसार ती काम करणारी ठरते, नोकरीचा शोध त्यानंतर पाहिला जातो. तिचा संकेतांक २१, म्हणजे घरच्या व्यवसायातील बिनपगारी मदतनीस. वर्षभराच्या स्थितीत मात्र बहुतेक काळ घरकामात गेला, पण शेतीत किमान ३० दिवस गेले, तर मुख्य स्थिती घरकाम आणि दुय्यम २१. चूक होते ती ‘ती घरीच असते’ या उत्तराने. म्हणून खुरपणी-काढणीचे दिवस प्रगणकाला आवर्जून सांगा.