मुळं खोल की पाण्याची काटकसर?

मुनिरक्यात खोली घेऊन जवळच्याच वनस्पती-जनुक संस्थेत मास्टर्सचा प्रबंध करणाऱ्या मुलीचे आईवडील गावाहून फोनवर विचारतात, "अजून नुसतं वाचनच चाललंय का?" काळजी रास्त आहे, पण एका अर्थीच. हरभरा दिल्लीत वर्षातून एकदा, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये पेरतात. तोवर लिटरेचर रिव्ह्यूचा सांगाडा उभा राहिला नाही, तर शेतातल्या प्रयोगासाठी पुढच्या रब्बीची वाट बघावी लागते.

विषय समजा 'हरभऱ्याची दुष्काळ-सहनशीलता' आहे. मुलं बहुतेकदा सालवार लिहितात: अमक्यानं हे दाखवलं, तमक्यानं ते. अशा यादीतून प्रश्न निघत नाही. रिव्ह्यू वादाभोवती रचावा, आणि हरभऱ्यात तसा वाद आहेच.

आपल्याकडे हरभरा जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो आणि दाणे भरताना तहानतो. त्यामुळे पहिला विभाग मुळांचा. आयसीसी ४९५८ या वाणाची मुळं खोल आणि दाट. २०१४ साली त्याच्या चौथ्या लिंकेज गटावर दुष्काळाशी निगडित अनेक गुणांचा एक पट्टा नोंदवला गेला, 'क्यूटीएल-हॉटस्पॉट'. हाच वाण दाता म्हणून वापरून 'पुसा चिकपी १०२१६' तयार झाला.

दुसरा विभाग याला छेद देणारा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये उंच नळकांड्यांत झाडं वाढवून, त्यांचं वेळोवेळी वजन करून कोणत्या अवस्थेत किती पाणी प्यायलं गेलं हे मोजलं. २०११ च्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की खोल मुळांपेक्षा सुरुवातीला पाणी जपून वापरणं जास्त महत्त्वाचं. टिकणाऱ्या वाणांनी फुलोऱ्याआधी कमी पाणी घेतलं, म्हणून दाणे भरताना ते शिल्लक राहिलं. पुढे तर त्याच हॉटस्पॉटमध्ये झाडाच्या सुरुवातीच्या जोमाशी निगडित जागाही सापडल्या. म्हणजे त्याला नुसता 'मुळांचा पट्टा' म्हणणं अपुरं ठरतं.

मग खरं कोण? इथे तक्ता कामाला येतो. प्रत्येक शोधनिबंधासाठी चारच रकाने: कुंडी, नळकांडं की शेत, ताण कोणत्या अवस्थेत दिला, फुलोऱ्याला किती दिवस लागले, आणि मोजलं काय, मुळं, पाणी की उत्पादन. उथळ कुंडीत खोल मुळाला आपला फायदा दाखवायला जागाच नसते. फुलोऱ्याचे दिवस दिलेच नसतील, तर तो वाण टिकला की नुसता लवकर पिकून सुटला, हे कळत नाही. असा निबंध माझ्या मते 'सहनशीलता' या मथळ्याखाली घेऊच नये.

तक्ता भरला की तिसरा विभाग आपसूक दिसतो. मराठवाड्यातल्या हलक्या, उथळ जमिनीत खाली ओलच नसेल, तर खोल मुळं पोचणार कुठे? तिथे हॉटस्पॉट असलेले वाण फुलोऱ्याआधी पाणी वाचवतात का, हे कुणी मोजलंय का ते मुलीनं शोधावं. मोजलं नसेल तर गाईडपुढे ठेवायचा प्रश्न हाच, आणि तो सप्टेंबरमध्ये ठेवायचा, म्हणजे बियाणं मागवायला वेळ उरतो.