तुमच्या कंपनीच्या पॉलिसीतला ‘मूनलाइटिंग’ हा शब्द नेमका काय सांगतो?

नोकरी सांभाळून धंदा कसा सुरू करायचा, यावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यात मी एक वाक्य घाईत बोलून गेलो, ‘आधी तुमच्या कंपनीची पॉलिसी वाचा.’ वाचा म्हणणं सोपं आहे. पण तीस-चाळीस पानांची इंग्रजी पीडीएफ, त्यात बाविसाव्या पानावर ‘मूनलाइटिंग इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’ असं एक वाक्य, यातून माणसानं काय समजायचं? म्हणून आज फक्त हा एक शब्द घेऊ.

मूनलाइट म्हणजे चांदणं. दिवसा एक नोकरी आणि रात्री, म्हणजे चांदण्यात, दुसरं काम, असा तो अमेरिकेतला बोलीतला शब्द. आपल्याकडे तो घरोघरी पोचला 2022 साली. त्या वर्षी स्विगीनं ऑगस्टमध्ये कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरचं काम करायची मुभा दिली, आणि सप्टेंबरमध्ये विप्रोच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं की एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणारे 300 जण सापडले आणि त्यांना काढलं. इन्फोसिसनं आधी कडक ईमेल पाठवला, मग ऑक्टोबरमध्ये पूर्वपरवानगीनं काही बाहेरची कामं करता येतील असं कळवलं. तीन कंपन्या, एकच शब्द, अर्थ तीन. म्हणूनच टीव्हीवर ऐकलेला अर्थ तुमच्या उपयोगाचा नाही. तुमच्या कागदात जो लिहिलाय तोच तुमचा.

कायद्यात काय आहे, तेही थोडक्यात बघू. ‘मूनलाइटिंग’ नावाचा वेगळा कायदा नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 60 होतं: एका कारखान्यात ज्या दिवशी काम केलं, त्याच दिवशी प्रौढ कामगाराला दुसऱ्या कारखान्यात कामाला लावायचं नाही. ते कारखान्यातल्या कामगारासाठी, ऑफिसातल्या बिलिंग क्लार्कसाठी नाही. बाकीच्यांच्या बाबतीत मुख्य आधार म्हणजे तुम्ही सही केलेला करार. आणि तो करार कोर्टात टिकतो का, याचं उत्तर आपल्या कल्याणजवळच्या एका खटल्यात मिळालेलं आहे. सेंच्युरी रेयॉनमध्ये एक शिफ्ट सुपरवायझर 1963 मध्ये पाच वर्षांच्या करारावर लागला. करारात होतं की सगळा वेळ आणि शक्ती फक्त कंपनीच्या कामाला द्यायची, दुसरीकडे कुठल्याही नात्यानं काम करायचं नाही. तो मुदतीआधीच कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1967 मध्ये कोर्टानं सांगितलं की नोकरीच्या मुदतीपुरतं असं बंधन घातलं तर ते सहसा व्यापारावरची बेकायदा आडकाठी ठरत नाही. हा गोलिकरी खटला आजही वकील पुढे करतात. म्हणजे ‘माझ्या सुट्टीच्या वेळात मी काहीही करीन, कंपनी कोण विचारणारी?’ हा युक्तिवाद सही केलेल्या माणसाला फारसा वाचवत नाही.

आता खरं उदाहरण. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. मानखुर्दच्या महाराष्ट्र नगरात राहणारा एक मुलगा. तुर्भ्यातल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत बिलिंगला. रोज वाशी गाठायची, तिथून ठाण्याची लोकल पकडून तुर्भे. संध्याकाळी आठला घरी. त्याच्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक, गल्लीतल्या दोन दुकानदारांचे हिशेब रात्री लिहून द्यायचे, महिन्याला प्रत्येकी अडीच हजार. दोन, त्याचा मेव्हणा टेम्पो घेत होता, वाशीच्या मार्केटमधून माल वाहायला. कर्जासाठी सॅलरी स्लिप लागत होती, म्हणून मेव्हणा म्हणाला, “दाजी, तुम्ही फर्ममध्ये पार्टनर व्हा. काम काही नाही, पैसेही आत्ता काही नाहीत. फक्त नाव.”

मुलगा मला म्हणाला, “सर, हिशेबाचं काम म्हणजे मूनलाइटिंग, ते मी सोडून देतो. टेम्पोत तर मी काहीच करत नाही, तिथे सही करून टाकतो.”

मी म्हटलं, “आधी पॉलिसी दाखव.” आम्ही दोघांनी ते कलम शब्दाशब्दानं वाचलं. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा होता: कर्मचाऱ्यानं नोकरीच्या काळात, कंपनीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, मालक, भागीदार, एजंट, सल्लागार किंवा नोकर म्हणून, मोबदला घेऊन किंवा न घेता, इतर कोणत्याही व्यवसायात गुंतू नये. याला मूनलाइटिंग समजलं जाईल. कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या किंवा हितसंबंध आड येणाऱ्या व्यवसायाला परवानगी दिली जाणार नाही.

यातला पहिला शब्द पकडा: ‘भागीदार’. पार्टनर म्हणून नाव लागलं की तू त्यात आलास, स्टिअरिंगला हात लावला नाहीस तरी. पुढचं, ‘मोबदला न घेता’. म्हणजे ‘मी पैसे घेतच नाही’ हा बचाव या कागदानं आधीच काढून घेतलाय. सगळ्या पॉलिसीत हे शब्द नसतात. काही ठिकाणी फक्त ‘पगारी नोकरी’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथे चित्र वेगळं. म्हणून हे दोन शब्द आहेत की नाहीत, हे बोट ठेवून बघायचं. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द बायकोच्या किंवा भावाच्या नावावर धंदा टाकून चालवणं तूच करतोस, अशा प्रकारासाठी असतो. बायकोचा तिचा स्वतःचा खरा धंदा असेल आणि तू तो चालवत नसशील, तर त्यामुळे तू गुंतलास असं होत नाही. पण गिऱ्हाइकाचे फोन तू घेतोस, कोटेशन तुझ्या ईमेलवरून जातं, तर मग ती तिच्या नावाची पाटी तुला वाचवणार नाही.

आणि शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. बारकाईनं पाहा, त्या कलमात दोन पायऱ्या आहेत. साध्या बाहेरच्या कामासाठी परवानगी मागता येते. हितसंबंध आड येत असतील तर परवानगीच नाही. त्याची कंपनी लॉजिस्टिक्सची, मेव्हण्याचा टेम्पो मालवाहतुकीचा. कंपनी स्वतः बाहेरचे टेम्पो भाड्यानं लावते आणि त्या टेम्पोवाल्यांची बिलं पास होतात याच मुलाच्या टेबलावर! उद्या मेव्हण्याचा टेम्पो कंपनीत लागला, तर स्वतःच्या फर्मचं बिल स्वतःच पास करणारा माणूस, असं ते दिसेल. एक रुपयाची लबाडी नसली तरी.

म्हणजे त्याचा हिशेब बरोबर उलटा निघाला. ज्याला तो मूनलाइटिंग समजून सोडायला निघाला होता, ते रात्रीचं हिशेबाचं काम परवानगी मागण्यासारखं होतं. ज्याला काहीच नाही समजत होता, तिथे नोकरी जाण्याचा धोका होता.

“पण मग कर्जाचं काय?” हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता. मेव्हण्याला गरज होती ती सॅलरी स्लिपची. त्यासाठी पार्टनर व्हावंच लागतं असं नाही. जामीनदार म्हणून सही करता येते. जामीनदार हा धंद्यात गुंतलेला नसतो, तो फक्त कर्जफेडीची हमी देतो. त्यात वेगळी जोखीम आहे, मेव्हण्यानं हप्ते थकवले तर बँक याच्या मागे लागेल, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. दाजी म्हणून ती जोखीम घ्यायची की नाही हे त्याच्या घरचं. पण पॉलिसीच्या बाजूनं ती वाट मोकळी होती. टेम्पो कंपनीत लागणार असेल, तर नातं आधी लेखी कळवायचं आणि ती बिलं दुसऱ्यानं तपासावीत असं स्वतःहून सुचवायचं, एवढं पथ्य त्यानं मान्य केलं.

आता परवानगीचा ईमेल. हा लोक फार मोघम लिहितात, ‘मला फावल्या वेळात काही काम करायचं आहे, कृपया परवानगी द्यावी’. एचआरवाला घाबरून नाही म्हणतो. आम्ही लिहिलं ते असं: दोन किरकोळ किराणा दुकानांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी करून देणार, आठवड्याला सुमारे पाच तास, रात्री नऊनंतर आणि रविवारी. दोन्ही दुकानांचा लॉजिस्टिक्सशी किंवा आपल्या कंपनीच्या ग्राहकांशी संबंध नाही. स्वतःचा लॅपटॉप वापरणार, कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा माहिती वापरणार नाही. काम वाढलं किंवा बदललं तर पुन्हा कळवीन. बस. मॅनेजरला कॉपी टाकली.

इथे एक ठेच बऱ्याच जणांना लागते. मॅनेजर चहा पिताना म्हणतो, ‘कर रे, काही प्रॉब्लेम नाही.’ कागदात ‘लेखी पूर्वपरवानगी’ आहे, तिथे या वाक्याला किंमत नाही. मॅनेजर बदलला की ते वाक्य त्याच्याबरोबर जातं. उत्तर ईमेलवरच घ्या आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलमध्ये नाही, तर प्रिंट काढून ठेवा. कारण कंपनीचे ईमेल बाहेर पाठवणं हेच काही ठिकाणी पॉलिसीचं उल्लंघन असतं. गंमत आहे, पण आहे. या मुलाला नऊ दिवसांनी होकार आला, एका वर्षापुरता. तारीख त्यानं कॅलेंडरला लावलीय.

कंपनीला कळतं कसं, हे मला प्रत्येक जण विचारतो. दुसरी पगारी नोकरी धरली आणि तिथेही पीएफ कापला, तर दोन्हीचे पैसे एकाच यूएएनखाली दिसतात, दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात. स्वतःच्या पॅनवर जीएसटी नंबर घेतला असेल, तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर पॅन टाकून तो कुणालाही शोधता येतो, आणि तुमचा पॅन एचआरकडे पहिल्या दिवसापासून आहे. तुमचं इन्कम टॅक्सचं स्टेटमेंट मात्र तुम्ही दिल्याशिवाय कंपनीला दिसत नाही. बाकी बहुतेक प्रकरणं पोर्टलवर नाही, तर सहकाऱ्याला स्वतःच सांगितल्यानं बाहेर येतात.

तुमच्यापैकी जे स्वतः सात-आठ माणसं ठेवून धंदा करतात, त्यांना एक सांगायचंय. मोठ्या कंपनीचं हे कलम जसंच्या तसं उचलून अपॉइंटमेंट लेटरमध्ये टाकू नका. बारा हजार पगार देऊन ‘चोवीस तास फक्त आमचे’ असं लिहिलंत तर माणूस लपवून करेल. तुम्हाला खरी भीती असते गिऱ्हाईक पळवण्याची आणि रेट बाहेर जाण्याची. तेवढंच साध्या मराठीत लिहा आणि बाकी कामासाठी ‘आधी सांगा’ एवढी अट ठेवा.

तुमच्या पॉलिसीतलं कलम काढा आणि त्यात ‘भागीदार’, ‘मोबदला न घेता’, ‘अप्रत्यक्षपणे’, ‘लेखी पूर्वपरवानगी’ यांचे इंग्रजी शब्द शोधा: पार्टनर, विदाउट रिम्युनरेशन, इनडायरेक्टली, प्रायर रिटन कन्सेंट. पीडीएफमध्ये सर्च करायचं तर ‘मूनलाइटिंग’ एवढ्यावर थांबू नका. बऱ्याच जुन्या कागदांत तो शब्दच नसतो, तिथे हेच सगळं ‘आउटसाइड एम्प्लॉयमेंट’ किंवा ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ या नावाखाली बसलेलं असतं. पुढच्या व्हिडिओत जामीनदार आणि सहकर्जदार यांतला फरक घेतोय, कारण टेम्पोवाल्या मेव्हण्याचा प्रश्न तिथे अजून अर्धा बाकी आहे.