नायट्रो गटाचे साहाय्य

क्लोरोबेंझिनमधील क्लोरीन काढून तेथे हायड्रॉक्सिल गट बसवायचा, तर कॉस्टिक सोड्यासह सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. क्लोरीनच्या समोर, पॅरा स्थानी, एक नायट्रो गट असला की सुमारे १७० अंश पुरतात. दोन्ही ऑर्थो आणि पॅरा अशा तिन्ही जागी नायट्रो गट असले, तर नुसते कोमट पाणीही पुरते.

अशा नायट्रो संयुगात हायड्रॉक्साइड क्लोरीनला थेट ढकलून देत नाही. तो क्लोरीनच्याच कार्बनला जोडला जातो आणि काही क्षण दोघेही तेथे नांदतात. त्याने आणलेला ऋणभार वलयात पसरतो, पण मुख्यतः ऑर्थो आणि पॅरा कार्बनांवरच. तेथील नायट्रो गट तो भार आपल्या ऑक्सिजन अणूंवर घेतो, म्हणून हे ऋणायन तयार होणे सोपे जाते. मग क्लोराइड निघून जातो. मेटा स्थानच्या नायट्रो गटापर्यंत हा भार पोहोचतच नाही. त्याची मदत तोकडी पडते.

हे ऋणायन केवळ कल्पना नव्हे. १९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोब मायझेनहाइमर यांनी ट्रायनायट्रो संयुगातील मेथॉक्सी ईथरावर इथॉक्साइडची आणि इथॉक्सी ईथरावर मेथॉक्साइडची क्रिया केली. दोन्ही वेळा एकच तांबडा क्षार मिळाला! आम्ल घालताच त्यातून दोन्ही ईथरांचे मिश्रण निघाले. अर्थात दोन्ही गट एकाच कार्बनवर होते. अल्कॉक्साइड सहजी सुटत नाही, म्हणून तो क्षार हाती लागला. क्लोरीन मात्र इतका लवकर निघतो की तेथील ऋणायन बाटलीत साठवता येत नाही.