‘गीतासार’ गीतेत आहे का?

प्रश्न : आमच्या देवघरात ‘जे झाले ते चांगल्यासाठीच झाले’ असा गीतासाराचा तक्ता आहे. मुलगी म्हणते, हे गीतेत नाहीच. खरे काय?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, मुलीचे बरोबर आहे. गीतेच्या ७०० श्लोकांत हे वाक्य नाही. तक्त्यावर अध्याय-श्लोकाचा आकडा नसतो, ही पहिली खूण. पडताळायला विनोबांची ‘गीताई’ घ्या; ती समश्लोकी असल्याने क्रमांक संस्कृताशी जुळतात. दुसऱ्या अध्यायातला २७ वा श्लोक काढा. अटळ गोष्टीचा शोक नको, एवढेच तिथे आहे. ‘चांगल्यासाठी’ झाले, असे नाही. तक्त्यावरचा मजकूर अलीकडच्या काळातला. त्याचा माग काढायचा तर जुन्या दिनदर्शिका चाळा आणि साल छापलेली सर्वांत जुनी प्रत शोधा. त्यातून धीर मिळत असेल तर तक्ता राहू द्या. फक्त कुणाला सांगताना ‘भगवंत म्हणाले’ म्हणू नका.