जेवणाआधी मिटो

सातारा
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. कुसुमला अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच मिळालं. सईचं लग्न मार्गशीर्षात ठरल्याचं वाचून जीव सुखावला. घरात आता सगळ्यांत मोठी तूच, तेव्हा सप्तपदी झाल्यावर आजीनं दोन शब्द बोलावेत असा मुलांचा आग्रह आहे, हेही कळलं. तू काय बोलायचं ते लिहून पाठवलंस आणि खाली विचारलंस, ‘एवढं पुरे का गं?’ मी ते तीनदा वाचलं. पुरे नाही, जास्त आहे. आणि कुसुम, स्पष्टच सांगते, त्यात आशीर्वाद फार थोडा आहे.

तुझी अकरा वाक्यं मी मोजली. त्यांतली नऊ सईला उद्देशून आहेत, एक अनिकेतला आणि एक दोघांना. सईच्या नऊ वाक्यांचे शेवट बघ: सेवा कर, सांभाळून घे, उलट बोलू नकोस, रागावर ताबा ठेव. हा उपदेश झाला. उपदेशात करायचं काम ऐकणाऱ्यावर पडतं. आशीर्वादात आपण त्यांच्यासाठी मागतो, म्हणजे मागण्याचं काम आपलं. मराठीनं त्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूपच ठेवलं आहे: होवो, राहो, लाभो, मिटो, टिको. शाळेत ‘देव तुझे भले करो’ हे वाक्य आपल्याला आज्ञार्थाचं उदाहरण म्हणून शिकवलं होतं, पण त्यात कुणाला आज्ञा कुठे आहे? त्या ‘ओ’मध्ये मागणं आहे. लिहून झालं की प्रत्येक वाक्याचं शेपूट तपासायचं. ‘कर’ आणि ‘नकोस’ दिसलं तर तो उपदेश. तो सांगायचाच असेल तर सईला केळवणाला बोलावशील तेव्हा एकटीला सांग, मांडवात नको.

आपल्या आजीनं माझ्या लग्नात काय म्हटलं होतं, आठवतं का तुला? तू लहान होतीस. आम्ही दोघं वाकलो तेव्हा तिनं आधी माझ्या आणि मग ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला हळदीचा वास येत होता. ती एवढंच म्हणाली, ‘तुमचं भांडण जेवणाआधी मिटो.’ त्या दिवशी आम्हाला शेकडो आशीर्वाद मिळाले असतील. साठ वर्षं होत आली, आठवतो तो हा एकच. का आठवतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वाक्य चारच शब्दांचं. त्यात डोळ्यांसमोर येणारी एक गोष्ट आहे, जेवण, आणि ती रोजची आहे. शिवाय आजीनं भांडणच होऊ नये असं मागितलं नाही. भांडण होणार हे ती जाणून होती, म्हणून तिनं ते मिटायची वेळ मागितली. कितीदा तरी पानं घेतल्यावर आम्ही एकमेकांकडे बघून ते वाक्य आठवलं आहे आणि तोंडं उघडली आहेत. चांगला आशीर्वाद असा घरात राहायला येतो.

आता तुझीच वाक्यं एकेक करून घेऊ.

‘दिल्या घरी सुखी राहा.’ हे आपण सगळ्याच ऐकत आलो. पण त्यातल्या ‘दिल्या’ शब्दाकडे बघ. मुलगी देऊन टाकली, आता इथलं दार लागलं, असा त्याचा अर्थ मुलीच्या मनात उतरतो. झालीच्या वेळी वरपक्षाच्या डोक्यावर दिव्यांची पाटी ठेवून गुरुजी जे संस्कृत म्हणतात, त्यातली मुलगी आठ वर्षांची आहे. लेकरासारखी वाढवली, आता तुम्ही मायेनं सांभाळा, अशी ती विनवणी आहे. त्या वयाच्या मुलीसाठी ते शब्द खरेच होते. सई अठ्ठावीस वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी. तिला हे ऐकायला हवं आहे की आजीचं दार बंद झालेलं नाही. म्हणून म्हण, ‘माझं दार तुम्हा दोघांना कायम उघडं आहे.’ हे मागणं नाही, वचन आहे. असं एखादंच वाक्य असावं आणि ते शेवटी असावं.

‘लवकर पणतवंडाचं तोंड दाखव.’ हे काढून टाक. माझ्या लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं, तुला माहीत आहे. त्या सहा वर्षांत मी ज्या ज्या लग्नाला गेले, तिथे कुणीतरी प्रेमानंच हा आशीर्वाद दिला आणि मी तो भरल्या डोळ्यांनी घरी आणला. मूल केव्हा हवं, हवं की नको, होईल की नाही, हे चारचौघांत मागायचं नसतं. भरल्या घराची तुझी इच्छा मात्र खरी आहे. ती दुसऱ्या शब्दांत माग: ‘दोन्ही घरची माणसं तुमच्या दारात हक्कानं चपला काढोत.’ सासू-सासऱ्यांच्या सेवेचं तुझं वाक्यही यातच आलं. फरक एवढाच की आता त्यात सईचे आईवडीलही आले आणि अनिकेतही आला.

‘अखंड सौभाग्यवती भव.’ ह्या शब्दापाशी तुझं अक्षर जरा हललेलं दिसलं. वसंतराव जाऊन चार वर्षं झाली. हा शब्द उच्चारताना तुझा आवाज अडेल, हे मला इथून कळतं. दुसरं कुणी तो म्हणेल तर म्हणू दे, तो जुना आणि मायेचा आहे. पण त्यात बाईचं भाग्य नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेलं आहे, आणि तुझ्या-माझ्या वयाला पोचल्यावर आपण जाणतो की त्यावर कुणाचा इलाज चालत नाही. तू दोघांसाठी सारखंच माग. आपल्याकडे ‘औक्षवंत व्हा’ असा सुरेख शब्द आहे. औक्ष म्हणजे आयुष्य. ‘तुम्हा दोघांना उदंड औक्ष लाभो.’ आणि एक ऐक. नवरा नसलेल्या बाईनं पुढे होऊ नये असं कुणी कुजबुजलं, तर मागे सरू नकोस. नातीच्या डोक्यावर हात ठेवायला मुहूर्त लागत नाही.

‘तुमच्यावर कधी संकट न येवो, कुणाची नजर न लागो.’ हेतू चांगला, पण ऐकणाऱ्याच्या कानात संकट आणि नजर एवढेच दोन शब्द राहतात. ‘शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण उगाच झालेली नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते असं आई सांगायची. जे नको ते सांगण्याऐवजी जे हवं ते माग. आजीच्या वाक्यात भांडण होतं खरं, पण वाक्य संपलं ते ‘मिटो’वर.

आता सप्तपदीचं. तू त्यानंतर लगेच बोलणार आहेस, तर तोच धागा पकड. सात पावलं अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी पडतात, आणि सातवं पडतं सख्यासाठी. त्या पावलावर दोघं एकमेकांचे सखे होतात. कार्यालयात तोवर मंडळी जेवायला गेलेली असतात, गुरुजींनाही घाई असते, त्यामुळे हा अर्थ बऱ्याचदा तसाच निसटतो. तो तू सांग, एका वाक्यात: ‘सातव्या पावलाची मैत्री म्हातारपणीही तशीच राहो.’ म्हातारी बाई हे म्हणते तेव्हा त्याला वजन येतं.

मग तुझ्या अकरा वाक्यांचं झालं हे:

‘सई, अनिकेत, तुम्हा दोघांना उदंड औक्ष लाभो.
तुमचं भांडण जेवणाआधी मिटो.
दोन्ही घरची माणसं तुमच्या दारात हक्कानं चपला काढोत.
सातव्या पावलाची मैत्री म्हातारपणीही तशीच राहो.
माझं दार तुम्हा दोघांना कायम उघडं आहे.’

पाच वाक्यं. आजीचं वाक्य मी तुला देते आहे, ते माझ्याकडून पुढे जाऊ दे. सुरुवातीला दोघांची नावं नक्की घे. नाव ऐकलं की मुलं मान वर करून बघतात आणि मग पुढचं त्यांच्या मनात उतरतं. ‘उपस्थित मान्यवर’ वगैरे काही नको.

पाठ करायचं ते मोठ्यानं म्हणून, मनातल्या मनात नाही. कणीक मळताना म्हण, तुळशीला पाणी घालताना म्हण. प्रत्येक वाक्य एका श्वासात बसलं पाहिजे. मध्ये श्वास घ्यावा लागला तर वाक्य लांब आहे असं समज आणि एक शब्द काढ. मग एका रात्री ही पाच वाक्यं सूनबाईला एकदाच ऐकव आणि सकाळी चहाच्या वेळी विचार, कोणती आठवतात? जे तिला आठवणार नाही, ते सईलाही आठवणार नाही. ते बदल. आपल्या बोलीतला, तू रोज वापरतेस तसा शब्द घातलास की बहुधा काम होतं.

मंगलाष्टकांच्या वेळी बोलायला उभी राहू नकोस, तेव्हा वाजंत्री आणि अक्षतांमध्ये काही ऐकू येत नाही. रिसेप्शनच्या स्टेजवरही नको, मागे रांग ताटकळत असते. सप्तपदीनंतर झालीच्या आधी जी दहा मिनिटं मिळतात, तेव्हा घरचीच माणसं भोवती असतात. माइक बाजूला ठेवायला सांग. खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घे आणि त्यांच्याकडे बघून बोल.

एका कागदावर मोठ्या अक्षरात पाचही वाक्यं लिहून बटव्यात ठेव. लागणार नाही, पण आधार असतो. बोलताना गळा भरून आलाच तर घाई करू नकोस. एक हात सईच्या डोक्यावर, एक अनिकेतच्या डोक्यावर ठेव आणि थांब. पुढचं आलं तर म्हण. नाही आलं तर ‘औक्षवंत व्हा’ एवढंच म्हण. तेवढ्यात सगळं आलं.

मी गुडघ्यांमुळे आदल्या दिवशीच येईन. रात्री सगळी निजली की तू मला ती पाच वाक्यं एकदा म्हणून दाखव, मी ऐकते.

तुझी,
अक्का